सही करण्याआधी एचआरला काय विचाराल: बॉण्ड, ट्रेनिंगचा खर्च आणि जॉइनिंग बोनस

सांगली-साताऱ्याकडच्या कॉलेजांत पूल कॅम्पसचा निकाल लागला की पहिला प्रश्न असतो 'पॅकेज किती?' आणि दुसरा 'बॉण्ड आहे का?'. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो, दोन वर्षं, दोन लाख' एवढंच मिळतं, म्हणजे दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायचे, आणि चर्चा तिथंच थांबते. खरं तर दोन वर्षं आणि दोन लाख हे आकडे सगळ्यात कमी महत्त्वाचे आहेत. दोन वर्षं कोणत्या तारखेपासून मोजायची, दोन लाख महिन्यागणिक कमी होतात की शेवटच्या दिवसापर्यंत तसेच राहतात आणि नोकरी कोणत्या कारणाने सुटली तर ते लागू होतात, यावर सगळं ठरतं. या तिन्हींची उत्तरं ऑफर लेटरमध्ये सहसा नसतात. तिथं एक ओळ असते: रुजू होताना सेवा करार करावा लागेल, बाकी कंपनीच्या धोरणाप्रमाणे.

म्हणून पहिली मागणी कराराच्या मसुद्याची. ऑफर स्वीकारायच्या आधी एचआरला सांगायचं, "मॅडम, जॉइनिंगच्या दिवशी ज्या करारावर सही घेणार आहात त्याचा नमुना आणि जॉइनिंग बोनसचं पत्र आधी मेलवर पाठवाल का? घरी वाचून घेतो." ही मागणी अजिबात उद्धट नाही, नीट चालणाऱ्या कंपन्या नमुना पाठवतात. "तो जॉइनिंगलाच मिळतो" असं उत्तर आलं तर कलमं फोनवर विचारून घ्या आणि त्याच दिवशी मेल टाका: 'आज झालेल्या बोलण्यानुसार मला असं समजलं की...'. पुण्याला खोली घेतली, डिपॉझिट भरलं, सामान नेलं आणि मग पहिल्या दिवशी 500 रुपयांच्या स्टँपवरचं आठ पानी इंग्रजी समोर आलं, की ते वाचायला मिळतात दहा मिनिटं. त्या खोलीत कुणी 'नाही' म्हणत नाही.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. मिरजेचा एक मुलगा, मेकॅनिकलचा, पगार महिना 35,000. रुजू होण्याची तारीख 1 जुलै 2025, ट्रेनिंग तीन महिन्यांचं, बॉण्ड 24 महिन्यांचा, रक्कम 2,00,000. दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली म्हणून त्याने राजीनामा दिला आणि शेवटचा दिवस ठरला 31 डिसेंबर 2026. त्याच्या हिशेबाने अठरा महिने भरले, सहा राहिले. करारात मात्र 'ट्रेनिंग यशस्वीरीत्या पूर्ण झाल्यापासून 24 महिने' असे शब्द आहेत. ट्रेनिंग 30 सप्टेंबर 2025 ला संपलं, म्हणजे बॉण्ड सुटणार 30 सप्टेंबर 2027 ला. कंपनीच्या हिशेबाने पंधराच महिने भरले आणि नऊ राहिले. दोन वर्षांचा म्हणून घेतलेला बॉण्ड प्रत्यक्षात सव्वादोन वर्षांचा निघाला.

रक्कम उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी होत असेल तर त्याच्या मोजणीने 2,00,000 चे 6/24, म्हणजे 50,000 होतात. कंपनीच्या मोजणीने 9/24, म्हणजे 75,000. आणि 'प्रमाणात' हा शब्द करारात नसेल तर कंपनी पुरे 2,00,000 मागणार. मुलगा तोच, तारीख तीच, शब्द तेवढे वेगळे. त्यात 90 दिवसांची नोटीस न भरता निघाला, तर तीन महिन्यांचा पगार 1,05,000 वेगळा मागितला जातो. म्हणून विचारायचं: बॉण्ड कोणत्या तारखेपासून मोजता? महिन्याच्या हिशेबाने कमी होतो का? नोटीसचा काळ बॉण्डमध्ये धरता का? दोन्ही वसुली एकदम लावता की एकच?

'यशस्वीरीत्या' या शब्दावर जरा थांबा. ट्रेनिंगच्या शेवटी परीक्षा असते. पहिल्यांदा नापास झालात आणि परत बसवलं, तर ट्रेनिंग संपल्याची तारीख पुढे जाते आणि तिच्याबरोबर बॉण्डही. बिनपगारी रजेचे दिवस बॉण्डमध्ये वाढवणारी कलमंही असतात. घरी आजारपण निघालं आणि महिनाभर थांबावं लागलं, तर तो महिना शेवटी जोडला जातो.

तिसरी गोष्ट कारणाची. 'कर्मचाऱ्याने राजीनामा दिल्यास' आणि 'नोकरी कोणत्याही कारणाने संपुष्टात आल्यास' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं वाक्य असेल तर प्रोजेक्ट गेला म्हणून कंपनीने काढलं तरी वसुली तुमच्याकडूनच मागता येईल, असा त्याचा अर्थ लावला जातो. एचआरला सरळ विचारा: "ट्रेनिंगच्या परीक्षेत पास झालो नाही म्हणून तुम्ही काढलंत, तर पैसे कोण भरणार? आणि कपातीत गेलो तर?" बहुतेक जण तोंडी सांगतात, "नाही नाही, तेव्हा घेत नाही." मग तेच एका ओळीत मेलवर मागा. जो माणूस तोंडी ठामपणे बोलतो आणि लेखी द्यायला टाळाटाळ करतो, त्याचं उत्तर 'हो, घेतो' असंच धरून चाला.

ट्रेनिंगच्या खर्चाचं आता. सीनियर पोरं छातीठोकपणे सांगतात की बॉण्ड बेकायदेशीर असतात, कोर्टात टिकत नाहीत. हे चूक आहे. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. मात्र ती सरकारी बँक होती, तिला जाहिरात काढून पुन्हा भरतीची सगळी प्रक्रिया करावी लागते, आणि पद वरिष्ठ व्यवस्थापकाचं होतं, या गोष्टी न्यायालयाने विचारात घेतल्या होत्या. दुसऱ्या बाजूला भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 74 सांगतं की करारात रक्कम लिहिली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. म्हणून कंपनीने खरोखर काय खर्च केला हा प्रश्न कळीचा. बाहेरच्या संस्थेकडून प्रमाणपत्राचं ट्रेनिंग, परदेशी पाठवणं, मशीन बनवणाऱ्याकडचा कोर्स, यांची बिलं असतात. 'सीनियरशेजारी बसून काम शिकवलं' याचं बिल दाखवणं अवघड. विचारायचं ते असं: "ट्रेनिंग कोण देणार, किती दिवसांचं, दोन लाखांत काय काय धरलंय? ट्रेनिंगच्या काळातला पगारही त्यात आहे का?" तो असेल, तर तुम्ही काम करून मिळवलेला पगारच खर्च म्हणून परत मागितला जाऊ शकतो. ट्रेनिंग सुरूच झालं नाही किंवा पंधरा दिवसांत गुंडाळलं, तर बॉण्डची रक्कम काय, हेही विचारून ठेवा.

कायद्याचं हे सगळं असलं तरी दोन लाखांसाठी प्रत्येक कंपनी कोर्टात जात नाही. तिच्या हातात सोपं हत्यार असतं: रिलीव्हिंग लेटर आणि शेवटचा हिशेब अडवणं. पुढची कंपनी पडताळणीत तेच पत्र मागते, आणि माणूस कंटाळून पैसे भरतो. त्यामुळे पैसे भरल्यावर पत्र किती दिवसांत देता, हा प्रश्न नोकरी घेतानाच विचारलेला बरा. बॉण्डच्या वसुलीवर कुणी 18 टक्के जीएसटी लावला, तर 3 ऑगस्ट 2022 चं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं 178/10/2022 क्रमांकाचं परिपत्रक दाखवा. मुदतीआधी नोकरी सोडल्याच्या अशा रकमेवर जीएसटी नाही, असं त्यात स्पष्ट केलं आहे.

जॉइनिंग बोनसची मेख वेगळी, आणि ती अनुभवी लोकांना जास्त लागते. समजा 14 लाख पगार आणि 2 लाख बोनस. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत बोनसची रक्कम 15 टक्क्यांच्या टप्प्यात पडते. उपकर धरून 15.6 टक्के, म्हणजे 31,200 टीडीएसमध्ये जातात आणि हातात येतात 1,68,800. वर्षाच्या आत सोडलं तर बोनस परत, असं कलम असतं. पण परत किती? करारात 'एकूण रक्कम' असेल तर हातात न आलेले 31,200 ही खिशातून भरायचे. त्याच आर्थिक वर्षात परतफेड झाली तर कंपनी पगाराच्या हिशेबात ते जुळवू शकते. 31 मार्च उलटला, फॉर्म 16 निघाला, की ते काम किचकट होतं. फ्रेशरचं वर्षाचं उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल तर कर शून्यच, त्यांना ही चिंता सहसा नाही. बाकीच्यांनी विचारावं: परतफेड एकूण रकमेची की हातात आलेल्या? मुदत रुजू झाल्यापासून की बोनस जमा झाल्यापासून? अकराव्या महिन्यात राजीनामा दिला आणि नोटीस तेराव्या महिन्यात संपली, तर कोणती तारीख धरणार? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण भांडणं इथंच होतात.

आता त्या स्टँप पेपरकडे परत. शेवटच्या पानावर दोन सह्यांच्या जागा असतात, एक तुमची आणि एक 'हमीदार' म्हणून वडिलांची. गावाकडे सोसायटीच्या कर्जाला कुणी जामीन राहिलं असेल तर घरात याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. "वडिलांच्या सहीशिवाय चालेल का?" हे विचाराच. नाहीच म्हणाले, तर हमी किती रकमेपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत हे तिथंच लिहून घ्या.

सही केलेला कोरा चेक मागितला तर देऊ नका. त्यावर रक्कम आणि तारीख नंतर भरली जाते, चेक वटला नाही की प्रकरण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी होतं, आणि दिवाणी वादातला 'वाजवी किती' हा मुद्दा मागे पडतो. मूळ मार्कशीट आणि डिग्री ठेवून घेतो म्हणाले तर "पडताळणी करून लगेच परत द्या, झेरॉक्स ठेवा" इतकंच सांगा. यावर कुणी अडून बसलं, तर बाकीचे प्रश्न विचारत बसण्यापेक्षा दुसरा ड्राइव्ह बघा.

वाद कुठल्या कोर्टात चालणार, तेही बघा. 'फक्त गुरुग्राम' किंवा 'फक्त बेंगळुरू' असेल तर तासगावहून एकेका तारखेला जाण्याचा खर्चच पन्नास हजारांच्या वादाला परवडत नाही. हे कलम फ्रेशरसाठी कंपनी क्वचितच बदलते, तरी विचारून ठेवायला हरकत नाही. बदलून घ्यायचा आग्रह धरायचाच असेल, तर तो दोन शब्दांसाठी धरा: 'रुजू झाल्यापासून' आणि 'उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात'. वरच्या उदाहरणात याच शब्दांनी दोन लाखांचे पन्नास हजार झाले. जॉइनिंगला मिळालेल्या कागदावर हे शब्द नसतील, तर सही करण्याआधी एचआरचा मेल मोबाइलवर उघडून समोर ठेवा आणि तेवढी ओळ हाताने लिहून दोघांच्या सह्या घ्या. मग सगळ्या पानांचे फोटो काढा, कारण सही झालेली प्रत नंतर पाठवतो म्हणतात आणि ती पुष्कळदा येत नाही.