चावी घेतलीच नव्हती, तरी ताई म्हणते "चावी काढ"

प्रेक्षक वाट निवडतो अशा व्हिडिओची संहिता लिहीत होतो. चार ठिकाणी निवड, दर वेळी दोन पर्याय. सगळ्या फांद्या सुट्या ठेवल्या तर 31 प्रसंग होतात आणि त्यातले 16 शेवट. एवढं शूटिंग शक्यच नव्हतं. म्हणून प्रत्येक निवडीनंतर दोन्ही वाटा पुढच्या प्रसंगात एकत्र आणल्या आणि नकाशा 13 प्रसंगांवर आला.

वाचन करताना घोळ सापडला. पहिल्या निवडीत टेबलावरची चावी उचलायची किंवा तशीच सोडायची. दोन्ही वाटा पुढे प्रसंग 7 मध्ये येतात आणि तिथे ताई म्हणते, "चावी काढ." ज्याने चावी सोडली, त्याच्यासाठी कथा तिथेच खोटी पडते.

मग नकाशातल्या प्रत्येक बाणावर प्रेक्षकाजवळ काय आहे ते लिहिलं: "चावी: हो" किंवा "चावी: नाही". एखाद्या प्रसंगात दोन वेगळ्या नोंदींचे बाण आले, की त्यातली प्रत्येक ओळ दोन्ही नोंदींशी ताडून पाहायची. प्रसंग 7 मध्ये ताईचं वाक्य "आता काय करायचं?" असं केलं आणि हातातल्या चावीचा क्लोजअप काढून टाकला.

पण निवडीचा परिणाम कुठेच दिसला नाही तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून तो शेवटी ठेवला. "दार उघड" निवडल्यावर चावी असेल तर प्रसंग 12, नसेल तर 13. "पळ" निवडलं तर 11. त्यासाठी प्लेअरला ती एक नोंद शेवटपर्यंत लक्षात ठेवावी लागते. नुसत्या लिंकने जोडलेल्या व्हिडिओंत हे जमत नाही.