धर्मसुधारणा चळवळींवरचा निबंध: आराखड्यातल्या या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातल्या धर्मसुधारणा चळवळींवरचे सरावाचे निबंध मी बरीच वर्षं तपासते आहे. मुलांना माहिती कमी असते म्हणून गुण जातात, असं फार क्वचित होतं. लिहायला बसल्यावर पहिल्या पाच-सात मिनिटांत कच्च्या कागदावर जे उतरतं, तिथेच बहुतेक निबंध हातचे जातात.

प्रश्न साधारण असा येतो: ‘एकोणिसाव्या शतकातील धर्मसुधारणा चळवळींना वासाहतिक सरकारने कितपत हातभार लावला? चर्चा करा.’ वेळ पाऊण तास. यात ‘चळवळी’ हा शब्द मुलांना लगेच दिसतो आणि ‘सरकार’ हा शब्द दिसेनासा होतो.

पहिली चूक: नावांची यादी म्हणजे आराखडा

माझ्याकडे एक मुलगी यायची. तयारी अतिशय चोख, सनावळी तोंडपाठ. वरच्याच प्रश्नावर तिने कच्च्या कागदावर एकाखाली एक नावं लिहिली: ब्राह्मो समाज, प्रार्थना समाज, आर्य समाज, सत्यशोधक समाज, रामकृष्ण मिशन. मिनिटभरात आराखडा तयार! मग लिहायला सुरुवात. राममोहन रॉय यांचा जन्म, शिक्षण, त्यांना येणाऱ्या भाषा, एकेश्वरवाद, 1828 ची ब्राह्मो सभा, मग देवेंद्रनाथ, मग केशवचंद्र. पावणेदोन पानं बंगालमध्येच संपली. 1867 चा प्रार्थना समाज अर्ध्या पानात उरकला, 1875 चा आर्य समाज पाच ओळींत आणि सत्यशोधक समाजाचं वाक्य अर्धवट असतानाच वेळ संपली. मी तिच्या उत्तरात ‘सरकार’ हा शब्द लाल पेनाने अधोरेखित करत गेले. तो दोनदा आला होता, दोन्ही वेळा ‘ब्रिटिश सरकारच्या काळात’ अशा अर्थाने. वीसपैकी सात गुण दिले.

तिला ते मान्य नव्हतं. ‘मॅडम, एकही तथ्य चुकलेलं नाही,’ ती म्हणाली. खरंच चुकलेलं नव्हतं. पण तिने न विचारलेल्या प्रश्नाचं अचूक उत्तर दिलं होतं.

यादीचा दोष असा की तिच्यातलं प्रत्येक नाव स्वतःचं चरित्र मागतं. जन्मापासून सुरुवात झाली की थांबायचं कुठे, हे यादी सांगत नाही. ही चूक लिहिण्याआधी ओळखायला मी एकच गोष्ट करते: प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य कच्च्या कागदावर लिहून ती वाक्यं सलग वाचते. ती माणसाच्या किंवा संस्थेच्या नावाने सुरू होऊन ‘स्थापना केली’वर संपत असतील, तर तो आराखडा फेकून द्यायचा. या वाक्यांत सरकार काहीतरी करताना किंवा करायचं टाळताना दिसायला हवं.

दुसरी चूक: सरकारला साठ वर्षं एकाच जागी उभं करणं

ही मला सगळ्यात जास्त खटकते. अर्ध्या मुलांचं सरकार ‘सुधारणावादी’ असतं, उरलेल्यांचं ‘फोडा आणि राज्य करा’वालं, आणि 1829 पासून 1891 पर्यंत ते जागचं हलत नाही. प्रत्यक्षात त्याची भूमिका बदलत गेली आणि उत्तराचा जीव त्या बदलातच आहे.

म्हणून मी कच्चा कागद उभा दुमडते. डाव्या बाजूला ‘सरकारने काय केलं’, उजव्या बाजूला ‘सुधारकांना काय हवं होतं’. मग फक्त चार सालं: 1829, 1856, 1872, 1891. दुसऱ्या आणि तिसऱ्या सालाच्या मध्ये एक ठळक आडवी रेघ मारून तिच्यावर 1858 लिहायचं.

1829 ची ओळ भरताना मुलं डोळे मिटून लिहितात की राममोहन यांनी मागणी केली आणि गव्हर्नर जनरल बेंटिंकने सतीबंदी केली. राममोहन सतीविरुद्ध लिहीत होते, लोकमत तयार करत होते, हे खरंच. पण कायद्याआधी बेंटिंकने त्यांचं मत विचारलं, तेव्हा त्यांनी थेट बंदीचा सल्ला दिला नव्हता. सतीच्या वाटेत अडचणी वाढवाव्यात, पोलिसांमार्फत ती हळूहळू बंद पाडावी, असं त्यांचं म्हणणं होतं. बंदीमुळे इंग्रज आता धर्मात हात घालणार, असा संशय लोकांत पसरेल ही त्यांची भीती. डिसेंबर 1829 मध्ये कायदा झाल्यावर मात्र ते त्याच्या मागे ठाम उभे राहिले. विरोधकांनी 1830 मध्ये धर्मसभा काढली, अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेलं आणि 1832 मध्ये ते फेटाळलं गेलं. म्हणजे या ओळीत सरकार सुधारकाच्या एक पाऊल पुढे आहे. डावीकडे ‘थेट बंदी’ आणि उजवीकडे ‘हळूहळू’ एवढे दोन शब्द लिहिले की परिच्छेद आपोआप सुचतो.

1856 मध्ये चित्र उलटं आहे. विधवाविवाहाच्या कायद्यासाठी ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी शास्त्राधार काढून दिला, अर्ज केला आणि सरकारने कायदा केला. विरोधी अर्जांवरच्या सह्या समर्थनाच्या कितीतरी पट होत्या, तरीही केला. पण हा कायदा कुणावर सक्ती करत नव्हता. ज्यांना पुनर्विवाह करायचा आहे त्यांच्या वाटेतली कायद्याची अडचण तेवढी त्याने काढली. बंदीचा कायदा आणि मोकळीक देणारा कायदा हा फरक एका वाक्यात लिहिलात, तरी तपासणारा सावरून बसतो.

मग ती आडवी रेघ. 1857 च्या उठावानंतर राणीच्या जाहीरनाम्यात, 1 नोव्हेंबर 1858 रोजी, प्रजेच्या धर्मश्रद्धेत आणि उपासनेत ढवळाढवळ करू नये अशी अधिकाऱ्यांना ताकीद मिळाली. यापुढे सुधारकांना सरकारकडून काही मिळवायचं तर ‘हा धर्मात हस्तक्षेप नाही’ हे आधी पटवावं लागलं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 1872 चं आहे आणि नेमकं तेच मुलं गाळतात. केशवचंद्र सेन यांना ब्राह्मो पद्धतीच्या विवाहांना कायद्याची मान्यता हवी होती. देवेंद्रनाथांच्या आदि ब्राह्मो समाजाने विरोध केला. आम्ही हिंदूच आहोत, वेगळा कायदा नको, असं त्यांचं म्हणणं. सरकारने मग अशी वाट काढली की या कायद्याखाली लग्न करणाऱ्यांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कुठल्याही धर्माचे नाही असं जाहीर करायचं. म्हणजे धर्म आतून सुधारायला निघालेल्याला कायद्याने धर्माच्या दाराबाहेर उभं केलं. या कायद्यात वधूचं वय किमान 14 आणि वराचं 18 हवं होतं. पुढे 1878 मध्ये केशवचंद्रांनी स्वतःच्या मुलीचं लग्न कुचबिहारच्या तरुण राजाशी लावलं, तेव्हा दोघंही त्या वयाखालची होती आणि या लग्नासाठी इंग्रज अधिकारीच उत्सुक होते. त्यावरून फुटून ‘साधारण ब्राह्मो समाज’ हा वेगळा समाज निघाला. सरकारने हातभार कितपत लावला, याचं उत्तर या एका प्रकरणात दोन्ही बाजूंनी सापडतं.

1891 चा संमतिवयाचा कायदा मुलांना येतो, पण ‘टिळक विरुद्ध आगरकर’ एवढाच येतो. कायद्याने काय बदललं हे लिहितच नाहीत. विवाहाचं वय त्याने वाढवलं नाही. शरीरसंबंधाच्या संमतीचं वय 10 वरून 12 केलं. आधीच्या वर्षी कलकत्त्याला फुलमणी नावाच्या मुलीच्या मृत्यूचा खटला चालला होता. ती दहा वर्षांपेक्षा मोठी ठरल्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. कायद्यातली ही फट उघडी पडल्यावर सरकार हललं. टिळकांचा रोख परक्या सरकारच्या अधिकारावर होता, भांडारकर शास्त्राधार देत कायद्याच्या बाजूने उभे होते. सुधारणा कुणी करायची, हा प्रश्न आता राजकारणाचा झाला होता.

चार ओळी भरल्या की वर एक वाक्य लिहायचं, ते तुमचं म्हणणं. माझं असं असतं: ‘सरकारने काही अडथळे दूर केले, पण 1858 नंतर सुधारणेपेक्षा शांततेला जास्त जपलं, त्यामुळे चळवळींचं बळ कायद्यापेक्षा समाजातच उभं राहिलं.’ शेवटच्या भागासाठी उजव्या बाजूला फुले यांची नोंद करते. 1873 च्या सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय लग्नं लावली, त्यासाठी ते आधी कायदा मागायला गेले नाहीत. सरकारकडे त्यांनी मागितलं ते शिक्षण. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला. सरकारकडे बघायची ही वेगळीच नजर आहे.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

‘सुधारणावादी’ आणि ‘पुनरुज्जीवनवादी’ असे दोन खण पाडून आर्य समाज दुसऱ्यात टाकतात. वेदांकडे परत चला म्हणणारे दयानंद मूर्तिपूजा आणि बालविवाह यांच्या विरोधातही होते, ते मग कुठल्याच खणात बसत नाहीत.

सगळा निबंध हिंदूंवरच संपतो. पारशांची रहनुमाए माझदयस्नान सभा 1851 ची, अमृतसरची सिंग सभा 1873 ची, सर सय्यद यांची अलीगढची शिक्षणसंस्था 1875 ची. प्रश्नात ‘हिंदू’ शब्द नसेल तर यातलं एक तरी नाव आलंच पाहिजे.

प्रस्तावनेत ‘प्रबोधन म्हणजे काय’ यावर पान घालवू नका. तुमचं ते एक वाक्य तिथेच लिहा.

तयार नोट्समधला आराखडा पाठ करून तोच प्रत्येक प्रश्नाला चिकटवणाऱ्यांबद्दल मला फार वाईट वाटतं. प्रश्न ‘स्त्रियांच्या स्थितीवर’ असो की ‘राष्ट्रवादावर’, उत्तर राममोहन यांच्या जन्मापासूनच सुरू होतं. सात मिनिटं विचार करायचा धीर नाही म्हणून पुढची अडतीस मिनिटं वाया जातात.

त्या मुलीने पुढच्या आठवड्यात तोच निबंध दुमडलेल्या कागदावरून लिहिला. सात मिनिटं आराखडा, तेहेतीस मिनिटं लेखन, पाच मिनिटं वाचन. या वेळी 1856 ची ओळ लिहिताना वेळ कमी पडायला लागला, तेव्हा तिने ती दोन वाक्यांत आवरली आणि 1872 ला पूर्ण जागा दिली. वेळ अपुरा पडला की कापायचं ते असंच: 1829 किंवा 1856 आखडता येतं, कारण ते सगळेच लिहितात, 1858 ची रेघ आणि 1872 ला मात्र हात लावायचा नाही.