कुत्र्याला मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून तोंड सुजलं तर: आधीच करून ठेवायची तयारी

पहिली तयारी हिरड्यांची. कुत्रा ठणठणीत असतानाच त्याचा ओठ वर करून हिरडीचा रंग पाहून ठेवा. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघायची. रोजचा रंग माहीत नसेल, तर ऐन वेळी फिकटपणा ओळखता येत नाही.

मग वजन करून घ्या आणि डॉक्टरांकडून ॲलर्जीच्या गोळीचं नाव व त्या वजनाचा डोस कागदावर लिहून घ्या. गोळीत तेवढं एकच औषध हवं. सर्दीच्या मिश्र गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारी औषधं किंवा पॅरासिटामॉल असतं, आणि काही सिरपांत गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल. ही कुत्र्याला विषारी ठरू शकतात. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हेही त्याच कागदावर लिहा.

समजा, १२ किलोच्या कुत्रीने मधमाशीवर झडप घातली. दहा मिनिटांत वरचा ओठ जाड झाला, डोळ्यांभोवती सूज आली, अंगावर गांधी उठल्या. आधी गळ्यातला पट्टा काढा, सूज मानेकडे उतरली तर तो आवळतो. काटा दिसला तर लगेच काढा, नखाने की चिमट्याने यात वेळ घालवू नका, कारण तो रुतलेला असेपर्यंत विष आत जात राहतं. गांधीलमाशी सहसा काटा मागे सोडत नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, डॉक्टरांना फोन करा आणि ते म्हणाले तर गोळी द्या. डंख तोंडाच्या आत किंवा घशात असेल, तर सूज कमी वाटली तरी निघा.

ती ओकली, पातळ शी झाली, पाय लटपटले, हिरड्या फिकट पडल्या किंवा श्वासाला घरघर लागली, तर गोळीचा विचार सोडा आणि गाडी काढा. माणसांत अशी तीव्र ॲलर्जी बऱ्याचदा घसा आणि छातीत जाणवते, पण कुत्र्यांत यकृत आणि आतड्यांना मोठा फटका बसतो. म्हणूनच डंखानंतरची उलटी ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. तोंड अजिबात न सुजताही कुत्रा असा कोसळू शकतो. अशा वेळी लागतं ते ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. गोळी ते काम करत नाही. निघतानाच दवाखान्यात कळवा, म्हणजे ते तयार राहतील. वाटेत तोंडाला मुसकं बांधू नका.

सूज उतरली तरी पुढचे २४ तास तिला एकटं ठेवू नका. काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो, म्हणून रात्री मधूनमधून उठून हिरड्या बघा.