शून्याजवळ अडकलेला आकडा: सबनॉर्मल संख्यांबाबतच्या या चुका टाळा

ऑडिओचा फिल्टर आहे. आवाज चालू असताना प्रोसेसर निवांत असतो आणि आवाज थांबून शांतता पसरली की भार एकदम वाढतो. काम संपल्यावर दमणारा हा प्रोग्राम पहिल्यांदा पाहिला की माणूस थ्रेड, मेमरी, ड्रायव्हर असं सगळं तपासत बसतो. मूळ कारण बहुधा एका गैरसमजात असतं: ‘एकापेक्षा लहान संख्येने गुणत राहिलं की शेवटी शून्य येणारच.’

पायथॉनमध्ये करून पाहा:

```python
x = 1.0
for _ in range(20000):
    x *= 0.9
print(x)   # 2.5e-323
```

वीस हजारांच्या जागी वीस लाख लिहा, उत्तर तेच येईल.

असं का होतं? पायथॉनची दशांश संख्या म्हणजे 64 बिटांची डबल. डबलमध्ये पूर्ण अचूकतेची सर्वांत लहान धन संख्या `2^-1022`, म्हणजे साधारण `2.2e-308`. इथे घातांक तळाला टेकतो. त्याखाली जाताना थेट शून्यावर उडी मारण्याऐवजी, संख्येच्या सुरुवातीला गृहीत धरलेला 1 सोडून दिला जातो आणि पुढच्या जागी शून्यं येऊ लागतात. या सबनॉर्मल संख्या. त्यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखंच, `2^-1074`, म्हणजे सुमारे `4.9e-324`. या अंतराला आपण एक पायरी म्हणू.

वरच्या लूपमध्ये साधारण 6,700 फेऱ्यांनंतर `x` या पायऱ्यांवर उतरतो. शेवटी सहा पायऱ्या उरतात, 0.9 ने गुणल्यावर 5.4, म्हणून जवळची पाच. पाचाला गुणल्यावर 4.5 यायला हवं, पण मशीनमधला 0.9 खऱ्या 0.9 पेक्षा कणभर मोठा आहे, म्हणून पुन्हा पाच. झालं, आकडा तिथेच ठाण मांडून बसला. 32 बिटांच्या फ्लोटमध्ये साठवलेला 0.9 कणभर लहान पडतो, म्हणून तिथे तो चारवर अडकतो (3.6 ची जवळची पूर्ण पायरी चारच).

अनेक प्रोसेसर सबनॉर्मल आले की नेहमीची जलद वाट सोडतात, आणि काही इंटेल चिपवर एका गुणाकाराला शंभराहून अधिक सायकल लागतात. आवाज थांबला की फिल्टरही आपली साठवलेली किंमत अशीच गुणत राहतो. फ्लोटमध्ये 0.9 चा गुणक असेल तर ही अवस्था सुमारे 830 नमुन्यांत येते; सेकंदाला 44,100 नमुने धरले तर हे 20 मिलिसेकंदांच्या आत. रोगनिदान सोपं आहे: फिल्टरच्या साठवलेल्या किमती `fpclassify` ला द्या आणि `FP_SUBNORMAL` किती वेळा येतं ते मोजा.

घाईचा उपाय

यावर लोक `-ffast-math` लावून मोकळे होतात किंवा प्रोसेसरला सांगतात की सबनॉर्मल सरळ शून्य धर:

```c
_MM_SET_FLUSH_ZERO_MODE(_MM_FLUSH_ZERO_ON);
_MM_SET_DENORMALS_ZERO_MODE(_MM_DENORMALS_ZERO_ON);
```

ऑडिओच्या थ्रेडपुरतं हे ठीक आहे. ही सेटिंग त्या त्या थ्रेडचीच असते, त्यामुळे दुसऱ्या थ्रेडमध्ये ती आपोआप लागू होईल असं समजू नका. पण त्याच थ्रेडवर दुसरं गणितही चालत असेल तर सबनॉर्मल ज्यासाठी आणले तेच हातचं जातं. 1985 च्या आयईईई 754 मानकात ते आले ते एका हमीसाठी: `x` आणि `y` वेगळे असतील तर `x - y` शून्य येणार नाही. समजा `x = 3e-308` आणि `y = 2.5e-308`. फरक `5e-309`, म्हणजे सबनॉर्मल. तो शून्य धरला की `if (x != y)` ची राखण असूनही आतला `1/(x - y)` हा भागाकार शून्याने होतो.

गंमत म्हणजे, हमी शाबूत असली तरी हा भागाकार सुरक्षित नाही. `1/5e-309` चं खरं उत्तर `2e308`, आणि डबलची कमाल `1.8e308`. उत्तर येतं `inf`. म्हणून भागाकारापूर्वी भाजकाच्या आकाराचीच चाचणी घ्या. फक्त ‘शून्य नाही ना’ एवढं पुरत नाही.

फिल्टरसाठी मला साधा उपाय आवडतो: किमतीचं परिमाण `1e-15` पेक्षा लहान झालं की ती स्वतः शून्य करा. एवढा आवाज कोणालाही ऐकू येत नाही, आणि बाकीच्या प्रोग्रामला धक्काही लागत नाही.

शून्य नाही, म्हणून बरोबर?

शक्यतांचे लांबलचक गुणाकार करणाऱ्यांची चूक उलटी असते. उत्तर `1e-320` आलं, शून्य नाही, म्हणून ते विश्वासाने पुढे जातात. पण ही संख्या म्हणजे फक्त 2,024 पायऱ्या. नेहमीच्या पंधरा-सोळा अंकांऐवजी जेमतेम तीन अंक खरे. शिवाय छापताना ती `1e-320` अशी नीटनेटकीच दिसते. बेरीज-वजाबाकी या पट्ट्यात अचूक राहते. अंक गळतात ते गुणाकार-भागाकारात, आणि नंतर मोठ्या संख्येने गुणून ते परत येत नाहीत. तीन पायऱ्यांना 2 ने भागा, मग 2 ने गुणा: चार पायऱ्या मिळतात. अशा ठिकाणी सुरुवातीपासूनच लॉगरिदम घेऊन बेरीज करा, किंवा गुणाकार `1e-200` च्या आसपास पोहोचताच `2^600` ने वर उचला आणि किती वेळा उचललं ते वेगळं मोजत राहा.