व्हॉइसओव्हर करायचाय? आधी फ्रिज बंद करा

मागच्या महिन्यात एका मित्राच्या माहितीपटाचं नऊ मिनिटांचं निवेदन मी घरीच फोनवर रेकॉर्ड केलं आणि ते सगळंच्या सगळं पुन्हा करावं लागलं. कारण एकच, फ्रिज. म्हणून तयारीची सुरुवात स्वयंपाकघरातून करा. फ्रिजचं बटण बंद करा, दार लावून घ्या, मग बाकीचं.

रोज त्या घरात राहणाऱ्याला फ्रिज ऐकूच येत नाही, कान सरावलेले असतात. शिवाय कॉम्प्रेसर सतत चालत नाही, आणि खरा घात तिथेच होतो. मी चाळीस मिनिटं वाचत होतो. त्यातला काही वेळ तो चालू, मग बंद, मग पुन्हा चालू. मित्राने चांगले टेक निवडून जोडले, तेव्हा एका वाक्याखाली घरघर आणि पुढच्याखाली शांतता. एके ठिकाणी तर वाक्याच्या मधोमध ती चाकूने कापल्यासारखी थांबत होती. सलग असती तर पार्श्वसंगीताखाली खपून गेली असती. फिल्टरने काढू म्हणाल, तर आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण बहुधा 100 आणि 200 हर्ट्झच्या आसपास बसते. माणसाच्या आवाजाचा तळही तिथेच असतो. गुणगुण काढायला गेलात की आवाजातला भरीवपणा जातो आणि वाचणारा पत्र्याच्या डब्यातून बोलतोय असं वाटतं.

अन्न खराब होईल ही काळजी नको. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास पुरेसा थंड राहतो. मात्र प्रत्येक टेकला चालू-बंद करू नका, कॉम्प्रेसरला पुन्हा सुरू होण्याआधी काही मिनिटांची उसंत लागते. एकदाच बंद करा आणि घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे बाहेर पडताना तो चालू करायचा राहणार नाही.

आता खोली. गोधड्या, गाद्या लावल्या की बाहेरचा आवाज अडतो, असा अनेकांचा समज असतो. तो अडत नाही. रिक्षाचा हॉर्न गोधडीतूनही येतो. गोधडी फक्त तुमचा स्वतःचा आवाज भिंतीवर आपटून परत येणं कमी करते, आणि टाइल्सची फरशी, उघड्या भिंती असलेल्या खोलीत त्याची फार गरज असते. खोलीच्या मध्यावर एक टाळी वाजवा. मागे झणझण राहिली तर ती रेकॉर्डिंगमध्येही येणार. सर्वांत सोपी जागा म्हणजे कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. त्याच्याकडे तोंड करून बसा, फोन कपड्यांच्या आणि तुमच्या मध्ये ठेवा. पाठीमागे दोरीवर दुहेरी गोधडी किंवा रजई टांगा, भिंतीला चिकटवून नको, वीतभर अंतर सोडून. पातळ चादर उपयोगाची नाही. ती फक्त वरचे तीक्ष्ण स्वर शोषते, खालचं घुमणं तसंच राहतं.

फोन टेबलावर आडवा ठेवू नका, टेबलाचा प्रत्येक धक्का माइकमध्ये जातो. उशांच्या ढिगावर घडी घातलेला टॉवेल, त्यावर फोन. खालची कडा तोंडाकडे, वीतभर अंतरावर आणि तोंडाच्या थोडी बाजूला. समोर धरलात तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ची हवा थेट माइकवर आदळते. आयफोन असेल तर Voice Memos च्या सेटिंगमध्ये Audio Quality हे Lossless करा, अँड्रॉइडवर WAV देणारं रेकॉर्डर अ‍ॅप घ्या. एअरप्लेन मोड, अर्थातच.

वेळ मुंबईत दिवसा मिळत नाही. कुकर, कावळे, पाण्याचा पंप, शेजारचं ड्रिल. आमच्यासारखं रुळांजवळ घर असेल तर शेवटची लोकल गेल्यावर, रात्री दीडनंतर बसा. पंखा आणि एसी बंद. पंखा थांबायला वेळ घेतो, तो पूर्ण थांबू द्या. उकाडा होणारच, म्हणून दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा आणि मध्ये पंखा लावा. फ्रिज नाही लावायचा. तो बंदच.

वाचण्याआधी तीस सेकंद गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून पूर्ण आवाजात ऐका. मी हे केलं असतं तर फ्रिज तेव्हाच सापडला असता. घरघर आली तर उठा, शोधा. हे तीस सेकंद पुसू नका, टेकच्या मधल्या जागा भरायला तेच लागतात.

पाणी जवळ, स्क्रिप्ट टॅबवर म्हणजे कागद वाजत नाही. चुकलात तर वाक्य पहिल्यापासून घ्या. संपल्यावर फाइल दुसरीकडे कॉपी करा आणि फ्रिज चालू करा.