बाळंतपणाच्या पैशाची तयारी: बाळाचं बिल वेगळं धरा

आधार, पासबुक, सोनोग्राफीचे कागद, आशाताईचा नंबर हे सगळेच ठेवतात. मागच्या खेपेला आम्ही बाळंतिणीचा खर्च जुळवला, बाळाचा धरलाच नाही. म्हणून ही यादी.

दवाखान्यात "नॉर्मलचे किती, सिझरचे किती" विचारलं की जो आकडा सांगतात तो आईचा असतो. बालरोगतज्ज्ञाची फी त्यात आहे का? बाळाला पेटीत ठेवावं लागलं तर रोजचे किती? औषधं, ऑक्सिजन, तपासण्या त्यातच की वेगळ्या? हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या. समजा सिझरचे ४५ हजार सांगितले आणि पेटीचे रोजचे ६ हजार. बाळ आठ दिवस राहिलं की ४८ हजार, आईपेक्षा बाळाचं बिल मोठं. तालुक्याच्या दवाखान्यात पेटीच नसेल तर बाळ यवतमाळला नाहीतर नागपूरला न्यावं लागतं. मग आई इथं, बाळ तिथं, आणि डिपॉझिट दोन्हीकडे.

विमा दिवस गेल्यावर घेऊन बाळंतपणाला कामी येत नाही. वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर बाळंतपणाचा क्लेम मिळत नाही तो काळ, बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांचा असतो, काहींत नऊ महिन्यांचा, काहींत चार वर्षांचाही. प्रसूतीच्या दिवशी तो संपलेला पाहिजे. पॉलिसी १ जून २०२५ ची असेल आणि वेटिंग २४ महिन्यांचं, तर बाळंतपण जून २०२७ मध्ये किंवा नंतर व्हायला हवं. डॉक्टरांनी १० जून तारीख दिली आणि बाळ एप्रिलच्या शेवटी आलं, तर क्लेम गेला. आणि पेटी लागते ती बहुतेकदा अशा लवकर आलेल्या बाळालाच! म्हणून दोन महिने जास्तीचे धरा.

पाच लाखांची पॉलिसी म्हणजे बाळंतपणाला पाच लाख नव्हेत, त्याची मर्यादा वेगळी असते, पन्नास हजारही असू शकते. बाळाचं पुन्हा विचारा: कव्हर पहिल्या दिवसापासून की ९० दिवसांनंतर? याच मर्यादेत की वेगळं? बाळाचं नाव किती दिवसांत कळवायचं? एजंटच्या तोंडी उत्तरावर थांबू नका, पॉलिसीतली ओळ दाखवायला सांगा. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर कॅशलेस दवाखान्यांची यादी माहेरच्या भागातली बघा.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, रक्त, जेवण, आजारी नवजात बाळाचे उपचार, सगळं मोफत आहे. आजारी नवजात बाळांचा विशेष काळजी कक्ष, म्हणजे एसएनसीयू, जवळ कुठे आहे ते आशाताईंकडून आत्ताच समजून घ्या. खासगीत जाणार असाल तरीही. १०२ आणि १०८ फोनमध्ये ठेवा.

मातृवंदना योजनेचे ५ हजार त्या दिवसासाठी धरू नका, दुसरा हप्ता जन्मनोंदणी आणि लसीकरणानंतरच येतो.

तारीख जुलै ते सप्टेंबरची असेल तर पैसा सगळा शेतात गेलेला असतो, सोयाबीन दसऱ्याकडे, कापूस त्यानंतर. म्हणून आधीच्या हंगामातल्या कापसाच्या पैशातूनच बाजूला काढा. त्यात बाळाची रक्कम वेगळी. एटीएमची रोजची मर्यादाही बघून ठेवा.