चवथीच्या निर्माल्याची तयारी मे महिन्यात

आमच्याकडे चवथ पाच दिवसांची. फोंडा तालुक्यातल्या मूळघरी सगळी भावकी जमते, रोज दोन वेळा आरती होते. विसर्जनाच्या रात्री घर रिकामं झालं की पडवीत फुलांचे ढीग, मूर्तीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीचे टाळे आणि समया-पणत्यांचा पसारा तेवढा मागे राहतो. त्याचं काय करायचं हे त्या रात्री ठरवायला बसलं तर पाय आपोआप ओहोळाकडे वळतात. म्हणून निर्माल्याचं घरीच खत करायची आमची यादी मे महिन्यातच सुरू होते, आणि तिच्यातली पहिली वस्तू आहे वाळलेला पालापाचोळा.

फुलांत पाणीच जास्त. ती नुसती डब्यात भरली की दोन दिवसांत बसून लगदा होतात, आत हवा जात नाही आणि सगळं सडून वास मारायला लागतं. हवा खेळती ठेवायला आणि जादाचं पाणी शोषायला कोरडा माल लागतो, पण भाद्रपदात गोव्यात कोरडं पान आणायचं कुठून? वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात चवथीपर्यंत अंगणातलं सगळं ओलंचिंब असतं. तेव्हा आंबा, फणस, काजू यांची पानं मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत झाडून चार पोती भरून माळ्यावर टाकावीत. काजूचं नि आंब्याचं पान जाड, ते आख्खं राहिलं तर महिनोन्महिने कुजत नाही. पोत्यातच काठीने बडवून त्याचा चुरा केलेला बरा. पानं कमी पडली तर नारळाच्या सोडणाचा काथ्या किंवा सुताराकडचा भुसा चालतो. भुसा मात्र साध्या लाकडाचा हवा, प्लायवूडचा नको, कारण त्यात डिंक असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पिंप. दोनशे लिटरचं जुनं प्लास्टिकचं पिंप घ्यावं, तळाला आणि चारही बाजूंनी बोटभर जाडीची भोकं पाडावीत आणि ते तीन चिऱ्यांवर उभं करावं, म्हणजे खालून पाणी निथळेल. जागा शक्यतो न्हाणीमागच्या वळचणीला असावी. पागोळ्यांचं पाणी त्यात पडता कामा नये, आणि माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ते नसावं. दुसरी अट मोठ्या काकूंची. निर्माल्याला पाय लागू नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मान्य करायला आम्हाला अडचण नव्हती. पहिल्या वर्षी त्यांचा या प्रकारालाच विरोध होता. उत्तरपूजा होऊन मूर्ती जागची हलवली की देव स्वस्थानी गेले, असं भटजींनी समजावल्यावर त्या निवळल्या. आता तळाचा थर त्याच घालतात.

तिसरी गोष्ट बाजारातली, आणि इथे घाई करणाऱ्याचं पुढे फार नुकसान होतं. आबोलीचा वळेसर केळीच्या सोपाच्या दोरात ओवलेला असेल तर तो आख्खा पिंपात जाऊ शकतो. झेंडूच्या मोठ्या माळा बहुधा नायलॉनच्या दोऱ्यात येतात. तो दोरा कुजत नाही आणि पुढे खत ढवळताना फावड्याला गुंडाळला जातो. सांगून ठेवलं तर फुलवाली सुती दोऱ्यात ओवून देते, एखाद दिवस आधी मात्र सांगावं लागतं. जरीच्या, चमकीच्या माळा आणि थर्माकोलचा मखर घेतलाच नाही तर शेवटच्या दिवशीचं निम्मं काम वाचतं.

चवथीचे पाच दिवस देवघराच्या बाजूला दोन वेताच्या टोपल्या असू द्याव्यात. एकीत फुलं आणि पत्री, दुसरीत दूर्वा. दूर्वा वेगळ्या का, ते सांगतो. दूर्वेच्या प्रत्येक पेराला नवी मुळं फुटतात. घरगुती पिंपातला माल इतका थोडा असतो की आतली ऊब मोठ्या ढिगासारखी चढत नाही, टिकत तर नाहीच. त्यामुळे पेरं मरत नाहीत. एका वर्षी मी दूर्वांच्या जुड्या तशाच टाकल्या आणि ते खत कुंड्यांना घातलं. महिन्याभरात प्रत्येक कुंडीत हिरवळ, उपटून उपटून वहिनी वैतागली. आता दूर्वा आम्ही चुलीवरच्या शिंक्यात पार कडकडीत वाळवतो आणि मगच टाकतो.

पंचामृताने भिजलेली फुलं पाण्यातून काढून निथळल्याशिवाय टोपलीत टाकू नयेत, नाहीतर दुसऱ्याच दिवशी अळ्या दिसतात. अक्षता फुलांत राहिल्या तर उंदीर येतात, म्हणून त्या आधीच वेचून पाखरांना घालाव्यात. तेलकट वाती आणि अगरबत्तीच्या काड्या चुलीत जाऊ द्याव्यात.

एक गोष्ट कुणी कितीही प्रेमाने सुचवली तरी करू नका. निर्माल्य गुरांपुढे टाकू नका. एकवीस पत्रींत रुई, धोतरा, कण्हेर असतात, आणि तिन्ही गुरांना विषारी. कण्हेरीची तर थोडी पानंही जनावराच्या जिवावर बेततात. माटोळीला कुणी कळलावीची फुलं बांधली असतील तर तीही याच खात्यात. पिंपात कुजायला या सगळ्यांना हरकत नाही, पण ते खत आम्ही पालेभाजीला न घालता फुलझाडांना आणि माडांना घालतो.

माटोळी उतरवताना तीन वाटे करावेत. नारळ, केळी, चिबूड, तोरिंजन असं खाण्याजोगं सगळं प्रसाद म्हणून घरोघर वाटून टाकावं. कवंडाळ दिसायला लालभडक आणि गोड वाटतं, पण ते विषारी. लहान मुलं मागे लागतात, म्हणून ते पहिल्यांदा काढून उंच ठेवावं. सुपारीची कातरी, आंब्याचे टाळे आणि जाड देठ पिंपात घालू नयेत, ते थेट माडाच्या आळ्यात पसरावेत. त्या आळ्यात ते सावकाश कुजत राहतात, कुणाला त्रास होत नाही.

आता २०२५ सालचा हिशेब सांगतो. त्या वर्षी चवथ २७ ऑगस्टला होती, विसर्जन ३१ ला. दोरे काढून फुलं आणि पत्री मिळून बारा किलो भरली, घमेल्यांनी मोजली तर सात. त्याला चौदा घमेली पानांचा चुरा लागला, म्हणजे ओल्याच्या दुप्पट सुकं, तेही वजनाने नव्हे तर मापाने. तळाला वीतभर काथ्या, त्यावर एक घमेलं फुलं, दोन घमेली पानं, वर मूठभर जुनं खत आणि थोडा शेणकाला, असे थर चढवत नेले. शेवटचा थर नेहमी पानांचा, नाहीतर चिलटं बसतात. झाकण असतं, पण खालून एक काडी सारून ते किलकिलं ठेवतो.

चौथ्या दिवशी मधोमध लोखंडी सळई खुपसली आणि पाच मिनिटांनी काढून हात लावला. ती कोमट लागली, म्हणजे काम चालू झालेलं होतं. आठव्या दिवशी सगळा माल ताडपत्रीवर ओतून, हलवून पुन्हा भरला, आणि तिथून पुढे दर आठ-दहा दिवसांनी तेच केलं. ओल किती आहे ते मुठीत दाबून कळतं. एक-दोन थेंब गळले तर ठीक, धार लागली तर आणखी पानं घालायची, काहीच गळलं नाही तर पाणी शिंपडायचं. दुसऱ्या आठवड्यात झाकण उघडल्यावर नाकात झणझणीत गेलं, तेव्हा फुलं जास्त आणि पानं कमी झाल्याचं कळलं. चौथ्या पोत्यातली दोन घमेली मिसळल्यावर तिसऱ्या दिवशी वास थांबला. सडक्या अंड्यासारखा वास आला असता तर आत हवा नाही असं समजून लगेच उपसावं लागलं असतं. गांडुळं मात्र पहिले तीन आठवडे सोडू नयेत. तेवढी ऊबही त्यांना सोसत नाही, आणि बाजारच्या झेंडू-शेवंतीवर फवारणी झालेली असू शकते.

मूर्तीची गोष्ट वेगळी आणि सोपी, मूर्ती खरोखर चिकणमातीची असेल तर. चित्रशाळेत ती घेतानाच बैठकीच्या तळाला, जिथे रंग नाही तिथे, ओलं बोट घासून पाहावं. माती पाणी पिऊन काळपट होते आणि बोटाला बुळबुळीत लागते. प्लास्टर पांढरंच राहतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही प्लास्टरच्या मूर्ती नकोत, आणि विसर्जनाआधी फुलं, वस्त्रं, सजावट उतरवून घ्यावी असं म्हटलं आहे. आमच्याकडे पूर्वी परसातल्या विहिरीत विसर्जन व्हायचं आणि पुढचे पंधरा दिवस पाण्याला वास यायचा. मूर्तीपेक्षा तो दोष तिच्याबरोबर टाकलेल्या हारांचा होता.

आता मुकुट बुडेल एवढं पाणी मोठ्या टबात घेऊन, वस्त्रं-दागिने काढून, मूर्ती पाटासकट हळूच सोडतो. सगळे भोवती उभे राहतात, घुमट वाजतं. दीड फुटाची मूर्ती विरघळायला एक ते दोन दिवस लागतात, आणि पोटाकडचा जाड भाग सगळ्यात शेवटी सुटतो. त्या काळात हात घालून ढवळू नये. रंगाचे पापुद्रे आपोआप वर येतात, ते गाळणीने उचलून वाळवून सुक्या कचऱ्यात द्यावेत. ढवळलं की ते मातीत मिसळतात आणि मग काढता येत नाहीत. गाळ बसल्यावर वरचं पाणी कुंपणाच्या झुडपांना द्यावं आणि माती माडाच्या बुडाशी पसरावी. कुंडीत ती घालू नये, चिकणमातीने खालचं भोक बुजतं आणि मुळं गुदमरतात. पुढच्या मूर्तीला ती चालेल का, हे चित्रशाळेत विचारूनच द्यावी. रंगाचा अंश असला तर ते नाही म्हणतात, आणि बरोबरच आहे.

पणत्यांचा घोटाळा दरवर्षी होतो. त्याही मातीच्याच, मग टबात टाका, असं कुणीतरी म्हणतंच. पण भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही. भट्टीत तिच्यातलं अंगचं पाणी कायमचं निघून गेलेलं असतं, ती पुन्हा चिखल होत नाही. धडक्या पणत्या धुऊन दिवाळीला ठेवाव्यात, फुटक्यांच्या ठिकऱ्या कुंडीच्या तळाशी, भोकावर घालाव्यात.

पिंपातला माल चाळिसाव्या दिवसापर्यंत तिसऱ्या हिश्शावर आला होता. तुळशीचं लग्न, म्हणजे आमची व्हडली दिवाळी, २ नोव्हेंबरला होती, विसर्जनापासून त्रेसष्टाव्या दिवशी. त्याआधी दोन दिवस पसाभर खत पिशवीत घट्ट बांधून ठेवलं होतं. उघडल्यावर पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला, म्हणजे तयार. आंबूस आला असता तर वृंदावनाला घातलं नसतं, कारण कच्चं खत मुळं जाळतं. चाळणीवर काजूची पानं, काही देठ आणि हातभर नायलॉनचा दोरा राहिला. दोरा कुणाच्या माळेचा यावर बराच वाद झाला. पानं आणि देठ पोत्यात भरून माळ्यावर ठेवले आहेत, पुढच्या चवथीला विरजण म्हणून लागतील.